‘अडीचशेचे दोनशे करा’: म्हापशाच्या बाजारात काजू विकताना घासाघीस कशी सांभाळावी

शुक्रवारी म्हापशाच्या बाजारात काजू घेऊन बसणाऱ्या नव्या माणसाला पहिल्या तासात हमखास ऐकू येणारं वाक्य म्हणजे ‘अडीचशेचे दोनशे करा ना’. समोर 250 ग्रॅमची पिशवी, भाव 250 रुपये. गिऱ्हाईक 50 रुपये कमी करायला सांगतं आणि 50 ची नोट काही फार मोठी वाटत नाही. पण काजूच्या हिशेबात ही सूट किलोला 200 रुपयांची असते. बहुतेक नवे विक्रेते इथेच बुडतात आणि महिना संपल्यावर ‘माल तर खूप खपला, मग पैसे कुठे गेले?’ असं विचारत बसतात. म्हणून हा लेख सुट्या काजूच्या गाळ्यापुरताच ठेवला आहे. आमसुलं, सुकी मासळी, मसाले विकणाऱ्यांनी यातले आकडे बदलून घ्यावेत.

आधी पडतळ काढा

घासाघीस गिऱ्हाइकासमोर सुरू होते, पण तिची तयारी आदल्या रात्री वहीत करायची असते. एक किलो काजू तुमच्या हातात, पिशवीसकट, विकायला तयार होईपर्यंत कितीला पडतो हे रुपयात माहीत नसेल तर ‘किती कमी करता येईल’ याचं उत्तर अंदाजानेच दिलं जातं. आणि समोर माणूस उभा असताना केलेला अंदाज नेहमी त्याच्या बाजूने झुकतो.

उदाहरणासाठी तीनशेवीस नंबरचा अख्खा काजू घेऊ. नंबर म्हणजे एका पाऊंडात, साधारण 454 ग्रॅममध्ये, जास्तीत जास्त किती दाणे बसतात तो आकडा. त्यामुळे नंबर जितका लहान तितका दाणा मोठा. समजा हा काजू तुम्हाला घाऊक 780 रुपये किलोने मिळाला. त्यात वाहतूक, तुटलेल्या दाण्यांची घट, चाखायला दिलेले दाणे आणि पिशव्या मिळून 30 रुपये धरा. म्हणजे माल 810 ला पडला. हे आकडे इथे हिशेब समजण्यापुरते आहेत. कच्च्या बियांचा भाव दर मोसमात हलतो, तेव्हा तुमचे आकडे तुम्ही दर नव्या लॉटला पुन्हा लिहा.

आता दिवसाचा खर्च. पालिकेचा सोपो म्हणजे बाजारात बसण्याचा कर, येण्याजाण्याचं भाडं, मदतनिसाची मजुरी, चहापाणी मिळून समजा शुक्रवारचे 900 रुपये. सरासरी 15 किलो खपत असेल तर किलोमागे 60 रुपये झाले. म्हणजे खरी पडतळ 870. फलकावर 1000 लिहिले तर किलोमागे 130 सुटतात आणि दिवसाला 1950.

यातली गोम नीट लक्षात घ्या. सूट 1000 मधून जाते असं दिसतं, पण ती कापली जाते त्या 130 मधूनच. किलोला 50 कमी केले तर गिऱ्हाइकाच्या लेखी ती 5 टक्क्यांची सूट, तुमच्या लेखी मात्र एक तृतीयांशाहून जास्त कमाई गेली. ‘खप वाढेल, भरून निघेल’ असं म्हणायची पद्धत आहे, तर तेही मोजून पाहू. 1000 च्या भावाला मालावर किलोमागे 190 सुटतात आणि 15 किलोत ते 2850 होतात. 950 ला 140 च सुटतात, म्हणजे तेवढेच 2850 जमायला साडेवीस किलोच्या आसपास खपायला हवेत. 900 केलं तर जवळपास 32 किलो. एका शुक्रवारी, त्याच गाळ्यावर, त्याच दोन हातांनी खप दुप्पट होईल का, याचं उत्तर बाजारात बसणाऱ्याला ठाऊक असतं.

आता ती 250 ग्रॅमची पिशवी पाहा. तिच्यातला माल तुम्हाला 202 रुपये 50 पैशांना पडला आहे. ती 200 ला दिली की सोपो आणि मजुरी दूरच, मालातच अडीच रुपये तोटा.

तीन भाव ठरवा आणि लिहून ठेवा

बाजारात बसण्याआधी तीन भाव कागदावर हवेत. पहिला फलकावरचा, 1000. दुसरा एक किलो अख्खा घेणाऱ्यासाठी, 970. तिसरा तीन किलो किंवा त्याहून जास्त घेणाऱ्यासाठी, 940. 940 ला मालावर 130 सुटतात. त्यातून दिवसाच्या खर्चाचे 60 गेले तरी 70 उरतात, म्हणून हा शेवटचा. याच्या खाली जायचं नाही, मग समोर कोणीही असो.

अर्धा किलो आणि पाव किलोला भावात सूट नाही. लहान पिशवीवरच घासाघीस सगळ्यात जास्त होते, कारण बस पकडायला निघालेला पर्यटक तीच घेतो. तिथे ‘नाही’ म्हणताना दुसरं काहीतरी हातात हवं. ते पुढे येतं.

फलक मोठ्या अक्षरांत लावा आणि त्यावर नंबरही लिहा: ‘अख्खा 320’, ‘अख्खा 240’, ‘पाकळी’, ‘तुकडा’, ‘सालीसकट भाजलेला’. नुसतं ‘काजू 1000’ लिहिलं की गिऱ्हाईक त्याची तुलना पलीकडच्या पाकळीशी करतं आणि तुम्ही लुटारू ठरता.

इथे कायद्याचं थोडं. समोर वजन करून दिलेला माल सुटा समजला जातो. पण घरून पिशव्या भरून, सील करून आणल्या तर ते पाकीटबंद माल होतो आणि त्यावर नाव-पत्ता, निव्वळ वजन, पॅकिंगची तारीख, सर्व करांसह एमआरपी, तक्रारीसाठी संपर्क हे छापावं लागतं. एमआरपीपेक्षा जास्त घेता येत नाही, कमी घेता येतं. या सवलतीचा गैरवापर करून 500 छापायचे आणि 250 ला ‘अर्ध्या किमतीत’ द्यायचे, हा प्रकार पर्यटकांच्या रस्त्यांवर चालतो. तो करू नका. ज्या गिऱ्हाइकाला 500 चे 250 होताना दिसले, ते 250 चे 150 का होणार नाहीत असं विचारणारच. भावावरचा विश्वास एकदा उडाला की रोज नव्याने भांडावं लागतं.

काटा

1 ग्रॅमच्या टप्प्याने चालणारा इलेक्ट्रॉनिक काटा घ्या. 5 ग्रॅमचा टप्पा भाजीला ठीक आहे. काजूत 5 ग्रॅम म्हणजे 5 रुपये. काट्याची वजनमापे खात्याकडून वर्षातून एकदा पडताळणी आणि मुद्रा करून घ्यावी लागते. प्रमाणपत्र गिऱ्हाइकाला दिसेल असं लावा. काट्याचा आकडा गिऱ्हाइकाकडे वळलेला असू द्या, रिकामी पिशवी ठेवून टेअर दाबा, मगच माल घाला. पिशवीचं वजन मालात धरू नये.

हे घासाघिशीच्या लेखात का, तर भावात हरलेला विक्रेता वजनात वसूल करतो हा गिऱ्हाइकाचा जुना संशय आहे आणि दुर्दैवाने काही ठिकाणी तो खराही ठरतो. दोडामार्ग, बांदा, सावंतवाडीहून शुक्रवारी येणारं गिऱ्हाईक घरी जाऊन पिशवी पुन्हा तोलतं. 250 ची 240 भरली तर ते पुढच्या शुक्रवारी भांडायला येत नाही, शेजारच्या गाळ्यावर जातं. भाव कमी करून वजन मारण्यापेक्षा भाव राखून वजन वर घालणं स्वस्त पडतं.

सात दाणे

हा लेखातला सगळ्यात कामाचा भाग. तीनशेवीस नंबरचा एक दाणा दीड ग्रॅमच्या थोडा आतबाहेर असतो. सात दाणे म्हणजे साधारण 10 ग्रॅम. तुम्हाला ते पडतात 8 रुपये 10 पैशांना. गिऱ्हाईक मागतंय 50.

आता हे सात दाणे कसे घालायचे ते नीट पाहा, कारण घालण्याच्या पद्धतीवरच त्यांची किंमत ठरते. काटा 250 वर येऊ द्या. हात बाजूला घ्या. आकडा स्थिर झाला, गिऱ्हाइकाने पाहिला. मग बरणीतून मूठ भरून नव्हे, बोटांच्या चिमटीत दाणे घेऊन पिशवीत सोडा. आकडा 260 होताना त्याला दिसू द्या आणि म्हणा, ‘हे वर.’ एवढंच. घाईत आधीच 260 भरून ‘जास्तच दिलंय’ म्हणालात तर ते कोणाच्या खिजगणतीत राहत नाही. गिऱ्हाइकाला वाटतं, काटाच असा असेल.

गोव्यातलं स्थानिक गिऱ्हाईक बऱ्याचदा रोख सूट मागण्याऐवजी हेच मागतं. ‘इल्लें उणें कर रे’ असं कोकणीत म्हणणाऱ्या आजीला ‘आजी, दर तोच, वयर इल्ले घालतां’ हे उत्तर पटतं, कारण वर घालण्याची रीत तिला भाजीवाल्यापासून मासळीवालीपर्यंत ओळखीची आहे. पुण्या-मुंबईच्या पाहुण्याला ते एकदा करून दाखवावं लागतं.

बोलणं कसं चालतं

एक नेहमीचा प्रसंग पाहू. पुण्याचं जोडपं, दुपारची वेळ.

‘दादा, पाव किलो कितीला?’

‘अडीचशे, ताई. तीनशेवीस नंबर, अख्खा. चाखून बघा.’ भाव सांगताना नंबर आणि वजन एका दमात सांगायचं आणि मग गप्प बसायचं. नवा विक्रेता इथे स्वतःच ‘पण तुम्हाला कमी करतो’ म्हणून मोकळा होतो. कोणी मागितलेलं नसताना दिलेली सूट गिऱ्हाईक सूट म्हणून मोजतच नाही, तिथून पुढे मोजायला लागतं.

‘दोनशे करा ना. पलीकडे दोनशेला देतायत.’

पलीकडचा खोटं बोलतो असं म्हणू नका. त्याचा माल कदाचित खरंच 200 चा असेल. ‘असेल, ताई. तो पाकळीचा असेल किंवा लहान दाण्याचा. ही माझी पाकळी बघा, हिचा भाव पावकिलोला दोनशे दहा.’ दोन्ही बशा शेजारी ठेवा. अख्खा आणि पाकळी चवीला सारखेच, फरक दिसण्याचा. खिरीत, भाजीत घालायचे असतील तर पाकळीच घ्या, असं स्पष्ट सांगा. ज्याला खरोखर 200 च्या आसपास खर्च करायचा आहे त्याला त्याच्या पैशात बसणारा माल मिळतो आणि तुमचा अख्ख्याचा भाव शाबूत राहतो. मात्र पाकळीचा भावही तिच्या स्वतःच्या पडतळीवरून काढलेला हवा, नाहीतर एका खड्ड्यातून निघून दुसऱ्यात पडाल.

‘नको, अख्खेच हवेत. निदान दोनशे तीस?’

‘पाव किलोला भाव तोच राहतो, ताई. वर थोडे घालतो. किलो घेतलात तर नऊशे सत्तर लावतो.’

यात दोन गोष्टी आहेत. एक, सूट फुकट दिलेली नाही, जास्त माल घेण्याशी बांधली आहे. दोन, कारण सांगितलं आहे. ‘परवडत नाही’ हे कारण गिऱ्हाईक रोज दहा ठिकाणी ऐकतं आणि त्यावर त्याचा विश्वास नसतो. ‘किलोला वेगळा भाव’ हे त्याला पटतं, कारण तोच नियम सगळ्यांना आहे.

मोठ्या खरेदीत, म्हणजे चार-पाच किलो घेणाऱ्याशी बोलताना, टप्पे लहान होत गेले पाहिजेत. 1000 वरून 970, मग 950, मग 940 आणि थांबा. 30, 20, 10. पाहणाऱ्याला कळतं की तळ जवळ आला. तुम्ही 10, 20, 30 असे वाढत गेलात तर तो आणखी ओढत राहील, आणि त्यात त्याची चूक नाही, तुम्हीच त्याला तसं शिकवलंत.

निघून जाणाऱ्याला हाक मारू नका

‘राहू दे मग’ म्हणून गिऱ्हाईक वळतं आणि दहा पावलं जातं. नव्या विक्रेत्याच्या छातीत धस्स होतं आणि तो ओरडतो, ‘अहो या, घ्या दोनशे वीसला!’ या एका हाकेने त्याचं आधीचं प्रत्येक वाक्य खोटं ठरतं, आणि ते फक्त त्याच गिऱ्हाइकापुरतं नाही. समोरच्या गाळ्याजवळ उभ्या तिघांनीही ऐकलेलं असतं.

जाणाऱ्याला ‘बरं, फिरून या’ म्हणा, मनापासून म्हणा. काजू ही भाजी नव्हे. संध्याकाळी कोथिंबिरीची जुडी अर्ध्यावर येते कारण उद्या ती विकली जात नाही. तुमचा माल हवाबंद डब्यात पुढच्या शुक्रवारपर्यंत चांगला राहतो. बाजार उठायच्या वेळी भाव पाडायचं काजूवाल्याला काही कारणच नाही. शिवाय बाजार फिरून, अख्ख्याचा भाव सगळीकडे पाहून परत येणारी माणसं असतात. परत आलेल्याला तोच भाव सांगा आणि ‘बघा, आलात ना’ असं चुकूनही म्हणू नका. सात दाणे मात्र त्यालाही घाला.

अपवाद एकच. पावसाळ्यात काजू सादळतात, जुन्या लॉटला खवट वास धरू लागतो. रोज डबा उघडताना एक दाणा तोडून चाखा. नुसता मऊ पडला असेल तर पुन्हा भाजून खारवून विकता येतो किंवा ‘जुना लॉट’ अशी पाटी लावून कमी भावात उघडपणे देता येतो. खवट झालेला मात्र विकूच नका, कितीही कमी भावात. चांगल्या मालाच्या घासाघिशीत जुना माल हळूच मिसळून भाव कमी केल्याचं पुण्य घेणं, हे तर बाजारातून उठायचं लक्षण.

भवानी आणि ओळख

सकाळी पहिलं गिऱ्हाईक ‘भवानी आहे, परत पाठवू नका’ म्हणतं, आणि बरेच विक्रेते पहिली विक्री कशीही करून देतात. भवानीचा मान ठेवायला हरकत नाही, पण तो मालात ठेवा. पाव किलोवर सातऐवजी पंधरा दाणे घाला. भाव 200 केलात तर शेजारी उभं असलेलं दुसरं गिऱ्हाईक तोच भाव मागणार आणि त्याला तुम्ही काय सांगणार?

नेहमीच्या गिऱ्हाइकालाही सगळ्यांसमोर कमी भाव ओरडून सांगू नका. त्याच्यासाठी चांगला लॉट बाजूला काढून ठेवा, नवा माल आला की निरोप द्या, गणपतीत किंवा दिवाळीत अर्धा पाव सालीसकट काजू भेट घाला. भाव सगळ्यांना एकच राहिला की स्थानिक आणि पर्यटक एकाच वेळी समोर आले तरी तुम्हाला आवाज खाली करावा लागत नाही. पर्यटकाला जास्त भाव सांगणारे पुष्कळ आहेत. पण शेजारी एखादा गोवेकर उभा राहून ‘कालच मी कमीत नेले’ म्हणाला की पर्यटक पिशवी ठेवून जातो आणि गोवेकरही ओशाळतो.

संध्याकाळची वही

बाजार उठल्यावर दोन आकडे लिहा: किती किलो गेला आणि किती रुपये आले. दुसऱ्याला पहिल्याने भागा. तो तुमचा दिवसाचा खरा भाव.

समजा लहान पिशव्या 24 गेल्या, 250 ला एक, प्रत्येकीत सात दाणे वर. म्हणजे 6 किलोचे 6000 रुपये आणि वर घातलेले 240 ग्रॅम. पाच जणांनी किलो-किलो नेला, 970 ने 4850. एकाने चार किलो नेले, 940 ने 3760. एकूण 14,610 रुपये, माल 15 किलो 240 ग्रॅम. सरासरी किलोला 958 च्या पुढे. माल पडला 12,344 ला, दिवसाचा खर्च 900, हातात उरले 1,366 च्या आसपास.

त्याच दिवशी त्या 24 पिशव्या 200 ला दिल्या असत्या, बाकी सगळं तेच, तर आले असते 13,410. मालाचे 12,150 आणि खर्चाचे 900 गेल्यावर उरले असते 360 रुपये. फक्त लहान पिशवीवरच्या ‘पन्नासने काय होतंय’ मुळे हजार रुपये गेले असते.

सरासरी 950 च्या खाली आली की त्या रात्री शोधा, कुठल्या वजनाला गळती लागली. बहुतेक वेळा ती पाव किलोलाच सापडते. दोन शुक्रवार सलग तसं झालं तर एकदा फलक बघा, एकदा मदतनिसाला विचारा. तो तुमच्या पाठीमागे चांगुलपणाने 220 ला देत असेल. त्याला रागावण्याआधी तीन भावांचा कागद काट्याशेजारी चिकटवा आणि सात दाणे कसे सोडायचे ते हाताने करून दाखवा.